‘समुपदेशन केले’ या वाक्याच्या पुढे: पीएसएमच्या पोस्टिंगमधील एका नोंदीचा प्रकरण अभ्यास

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून क्षमताधारित पद्धत आली आणि २०२२ मध्ये त्यात कुटुंब दत्तक कार्यक्रमाची भर पडली. त्यामुळे विद्यार्थी पहिल्याच वर्षापासून गावात जातात, ठरावीक घरांना पुन्हा पुन्हा भेटी देतात आणि प्रत्येक भेटीनंतर लॉगबुकमध्ये चिंतनात्मक नोंद लिहितात. नोंदीसाठी दिलेले प्रश्न साधारण तीन असतात: काय घडले, त्यातून काय समजले आणि पुढे काय करणार. पहिल्या प्रश्नाला पानभर उत्तर येते, दुसऱ्याला दोन ओळी आणि तिसऱ्याला ‘पुढच्या वेळी अधिक चांगले समुपदेशन करेन’ एवढे एक वाक्य. जनऔषधवैद्यकशास्त्र विभागात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत पीएसएममध्ये, अशा नोंदी वाचणाऱ्या शिक्षकाला हा क्रम तोंडपाठ झालेला असतो.

येथे मांडलेले प्रकरण कोणा एका विद्यार्थिनीचे किंवा एका घराचे नाही. सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यातील गावांमध्ये झालेल्या पोस्टिंगच्या नोंदींत जे तपशील वारंवार दिसतात, ते एकत्र करून अध्यापनासाठी हे प्रकरण रचले आहे. त्यामागचा मुद्दा एकच आहे. वर्णनाला भावना किंवा ‘शिकलेला धडा’ जोडला म्हणून विश्लेषण तयार होत नाही. एखाद्या घटनेचे किमान दोन परस्परस्पर्धी खुलासे मांडावे लागतात आणि त्यांपैकी कोणता टिकतो हे पुढच्या भेटीत कशावरून कळेल, ते आधीच लिहावे लागते. विश्लेषणाची सुरुवात तिथून होते.

पहिली नोंद

दुसऱ्या वर्षातील विद्यार्थिनी. दत्तक कुटुंबातील सून सहा महिन्यांची गरोदर, हिमोग्लोबिन ८.६ ग्रॅम. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमानुसार ७ ते ९.९ ग्रॅम म्हणजे मध्यम रक्तक्षय. त्यासाठी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेल्या लाल गोळ्या रोज दोन घ्यायच्या असतात. उपकेंद्रातील सिस्टरने चार आठवड्यांपूर्वी दहा-दहाच्या सहा पट्ट्या दिल्या होत्या. भेटीनंतर विद्यार्थिनीने लिहिले:

‘आज आम्ही दत्तक कुटुंबाला भेट दिली. घरात पाच सदस्य आहेत. घर अर्धे पक्के असून पाण्यासाठी नळ आहे. गरोदर महिलेला रक्तक्षय आहे. तिने लोहाच्या गोळ्या नियमित घेतलेल्या नाहीत असे आढळले. मी तिला लोहाचे महत्त्व, पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे आणि लिंबू यांविषयी समुपदेशन केले. तिने गोळ्या घेण्याचे मान्य केले. या भेटीतून मला संवादकौशल्याचे महत्त्व कळले.’

या नोंदीत खोटे काही नाही आणि अपमानकारकही काही नाही. तरीही तिच्यातून शिकण्यासारखे काही हाती लागत नाही, कारण शेवटचे वाक्य वरच्या कोणत्याही वाक्यातून निघालेले नाही. महिला गोळ्या घेत असती तरी ‘संवादकौशल्याचे महत्त्व कळले’ हे वाक्य तसेच राहिले असते. नोंद वर्णनापुरती थांबली आहे की नाही, हे तपासण्याची माझी पद्धत हीच आहे. घटना उलटी घडली असे समजावे आणि निष्कर्षाचे वाक्य बदलते का ते पाहावे. ते बदलत नसेल, तर ते घटनेवर आधारलेलेच नव्हते.

दुसरी नोंद: अधिक लांब, पण पुढे न गेलेली

‘अधिक चिंतन करा’ असा शेरा मिळाला की विद्यार्थी काय करतात, याचे उत्तर या दुसऱ्या नोंदीत आहे. तो शेरा निरुपयोगी आहे, हे शिक्षकांनी आधी मान्य करायला हवे. विद्यार्थिनीने भावनांचा परिच्छेद वाढवला: तिला वाईट वाटले, असहाय वाटले, आपण किती सुखात वाढलो याची जाणीव झाली. त्यानंतर तिने कारणांचा परिच्छेद लिहिला: ‘ग्रामीण भागातील निरक्षरता, अंधश्रद्धा, गरिबी आणि पितृसत्ताक कुटुंबव्यवस्था यांमुळे महिला स्वतःच्या आरोग्याकडे दुर्लक्ष करतात.’

हा परिच्छेद विश्लेषणासारखा दिसतो आणि अनेक ठिकाणी त्याला गुणही मिळतात. पण ही चार मोठी नावे त्या घरात न जाताही लिहिता आली असती. ही महिला निरक्षर होती का? पहिल्या नोंदीत शिक्षणाचा उल्लेखच नव्हता. कुटुंबाच्या माहितीपत्रकात पाहिले तर ती दहावी झालेली होती. अंधश्रद्धेचा कोणता प्रसंग दिसला? एकही नाही. मोठे सामाजिक कारण खोटे असते असे मुळीच नाही. मात्र ते या घरात, या गोळीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते हे दाखवले नाही, तर ते नुसते शिक्के राहतात. त्यातून होणारे नुकसानही लक्षात घेतले पाहिजे: विद्यार्थी या शिक्क्यांवर थांबतो, कारण पितृसत्तेबद्दल पुढच्या बुधवारी काय करायचे हा प्रश्न त्याला पडत नाही.

सिडनी विद्यापीठातील हॅटन आणि स्मिथ यांनी १९९५ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणार्थींच्या लेखनाचे चार प्रकार पाडले होते: निव्वळ वर्णन, कारणे जोडलेले वर्णन, स्वतःशी संवाद करत वेगवेगळ्या शक्यता तपासणारे लेखन आणि प्रसंगाला व्यापक सामाजिक संदर्भात ठेवणारे चिकित्सक लेखन. विद्यार्थिनीने पहिल्या प्रकारावरून थेट चौथ्यावर उडी मारली होती, आणि मधला तिसरा, शक्यता ताडून पाहण्याचा, पूर्ण सुटला होता. माझ्या अनुभवात हुशार आणि वाचन असलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी बहुतेक वेळा इथेच अडकतात.

कच्च्या वहीत काय होते

यानंतर शिक्षकाने शेरा लिहिला नाही. त्यांनी तिला कच्ची वही घेऊन बोलावले आणि एकच प्रश्न विचारला: त्या भेटीत तुला अनपेक्षित असे काय घडले?

कच्च्या वहीत दोन ओळी होत्या ज्या लॉगबुकात आल्याच नव्हत्या. पहिली: ‘पिशवी खिळ्याला. ६ पैकी ४ पट्ट्या पूर्ण, एकीत १.’ म्हणजे एक्केचाळीस गोळ्या शिल्लक आणि एकोणीस घेतलेल्या. चार आठवड्यांत छप्पन्न घ्यायला हव्या होत्या. लॉगबुकात याचे ‘नियमित घेतलेल्या नाहीत’ झाले होते. दुसरी ओळ अशी: ‘गोळी कशाची? – रक्त वाढायची, बाळाला लागते – तिने आधीच सांगितले.’

या दुसऱ्या ओळीने सगळी नोंद ढवळून निघाली. विद्यार्थिनीने त्या महिलेला दहा मिनिटे लोहाचे महत्त्व सांगितले होते, आणि ते महत्त्व त्या महिलेने समुपदेशन सुरू होण्याआधीच सांगून झाले होते. म्हणजे तिचे समुपदेशन ‘माहिती नाही म्हणून गोळी घेत नाही’ या गृहीतावर उभे होते आणि त्या गृहीताविरुद्धचा पुरावा तिच्याच हाताने लिहिलेला होता. नोंद फेअर करताना नेमका तोच गळला. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. फेअर नोंद लिहिताना आपण नकळत गोष्ट नीट जुळवत असतो. जे बसत नाही ते बाहेर राहते, आणि विश्लेषणाचे सगळे सामान नेमके त्या न बसणाऱ्या भागात असते.

म्हणून या गटासाठी एक साधी रचना ठरवण्यात आली. पानाच्या डाव्या अर्ध्या भागात भेटीतच, किंवा गाडीत परतताना, जे पाहिले-ऐकले ते तसेच टिपायचे: मोजता येईल ते मोजून, बोललेले शक्यतो त्याच शब्दांत. उजवा भाग संध्याकाळी लिहायचा. उजवीकडे जे काही लिहाल, त्याचा आधार डावीकडे बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. डावीकडची नोंद नंतर सुधारायची नाही.

एकोणीस हा आकडाही महत्त्वाचा होता. महिलेने गोळी अजिबात घेतलीच नसती तर तो वेगळा प्रश्न होता. रोज एक घेतली असती तर अठ्ठावीसच्या आसपास आकडा आला असता आणि ‘दोन घ्यायच्या हे कळले नव्हते’ असे म्हणता आले असते. एकोणीस म्हणजे साधारण नऊ-दहा दिवसांच्या पूर्ण मात्रा. तेव्हा प्रश्न बदलला. ‘ती गोळ्या का घेत नाही’ याऐवजी ‘ती कोणत्या दिवशी घेते’ हे विचारायचे ठरले.

तिसरी नोंद

ही नोंद दुसऱ्या भेटीच्या आधी लिहिली गेली. तिचा मुख्य भाग असा:

‘मी असे धरून चालले होते की तिला गोळीचे महत्त्व माहीत नाही. तिने ते मला आधीच सांगितले होते, तरी मी समुपदेशन चालू ठेवले, कारण माझी त्याचीच तयारी झाली होती. आता मला दोन शक्यता दिसतात. पहिली, गोळीने मळमळ होते म्हणून ती टाळते. दुसरी, ती निंदणाला मजुरीवर जाते आणि दुपारचे जेवण शेतात होते, पण गोळ्या घरी खिळ्याला असतात. पहिली शक्यता खरी असेल तर घरी असलेल्या दिवशीही गोळ्या चुकलेल्या असतील. दुसरी खरी असेल तर घेतलेले दिवस बाजाराचे किंवा पावसाच्या खाड्याचे असतील. मी “का घेत नाही” असे विचारणार नाही, कारण त्यावर तिने मागच्या वेळी “घेईन ना मॅडम” एवढेच उत्तर दिले. मी काल सकाळी उठल्यापासूनचा दिवस विचारणार आहे, आणि शेवटची गोळी घेतली तेव्हा ती कुठे होती तेही.’

ही नोंद पहिल्या नोंदीच्या साधारण दुप्पट लांब आहे. भावनेचा एकही शब्द नाही, तरी विद्यार्थिनी त्यात स्पष्ट दिसते: ‘माझी त्याचीच तयारी झाली होती’ या अर्ध्या वाक्यात तिने स्वतःच्या वागण्याचे जे कारण दिले आहे, ते आधीच्या परिच्छेदभर असहायतेपेक्षा उपयोगाचे आहे. दोन्ही शक्यता चूक ठरू शकतात अशा पद्धतीने मांडल्या आहेत. ‘अंधश्रद्धेमुळे’ हे वाक्य मात्र कोणत्याही भेटीत चूक ठरणार नव्हते.

दुसऱ्या भेटीत जे हाती लागले

दोन आठवड्यांनी विद्यार्थिनीने दिवस विचारला. पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, डबा, सकाळी चहा घेऊन निंदणाला, दुपारी शेतात भाकरी, संध्याकाळी परत, रात्री सगळ्यांचे झाल्यावर जेवण. गोळ्या घेतल्या त्या आठवडी बाजाराच्या दिवशी आणि पावसाने काम बंद राहिले त्या दिवशी. दुसरी शक्यता खरी ठरली असे म्हणून विद्यार्थिनी थांबली असती, पण दिवसाचा क्रम विचारल्यामुळे आणखी एक गोष्ट बाहेर आली. ‘सकाळच्याला घेऊन बघितली मॅडम, चहावर. शेतात गेल्यावर इतकं मळमळलं की बसावं लागलं. मुकादम बोलला.’ म्हणजे मळमळही खरी होती. सकाळची वेळ तिच्यामुळे बाद झाली, दुपारची वेळ गोळ्या घरी राहिल्यामुळे.

मग रात्र का नाही? सिस्टरने सांगितले होते की कॅल्शियमची गोळी सकाळी आणि रात्री घ्यायची आणि लोहाच्या दोन्ही दुपारी, जेवणानंतर. ही सूचना शास्त्रानुसार बरोबर आहे: कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतल्यास लोहाचे शोषण घटते, म्हणून त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवतात, आणि चहाही लोहाच्या आड येतो. महिलेने ती सूचना नीट लक्षात ठेवली होती आणि म्हणूनच रात्री लोह घेतले नव्हते. ज्या वागण्याला नोंदीत ‘दुर्लक्ष’ म्हटले गेले होते, ते सांगितलेले पाळण्यातून आलेले होते.

सूचना दुपारी घरी असणाऱ्या बाईसाठी होती आणि मजुरीवर जाणाऱ्या बाईला ती जशीच्या तशी मिळाली. दुसऱ्या नोंदीत ज्या सामाजिक कारणांची नुसती नावे होती, त्यांपैकी काही आता खरोखर दिसू लागली: रोजंदारी, मुकादमाची बोलणी, शेवटी जेवणे. फरक इतकाच की प्रत्येकाची वाट गोळीपर्यंत दाखवता येत होती. चौथ्या प्रकारचे लेखन करण्याचा हा रास्त मार्ग आहे. तिसऱ्यातून गेल्यावरच तिथे पोहोचता येते.

पुढे काय करायचे हेही त्यातूनच ठरले. विद्यार्थिनीने स्वतःहून वेळापत्रक बदलले नाही, आणि हे नोंदवणे आवश्यक आहे, कारण दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने औषधाच्या सूचना परस्पर बदलणे योग्य नाही. तिने शिक्षकांसमवेत सिस्टरशी बोलणे केले. सिस्टरने दोन गोळ्या डब्यासोबत छोट्या पुडीत न्यायला सांगितल्या आणि शौच काळी होईल, त्याने घाबरू नका, हेही आता सांगितले.

पुरेसे यश न मिळालेली तिसरी भेट

पुढच्या दोन आठवड्यांत अठ्ठावीसपैकी वीस गोळ्या गेल्या होत्या. ग्राम आरोग्य व पोषण दिवसाला हिमोग्लोबिन पुन्हा पाहिले तर ९.१. विद्यार्थिनीच्या नोंदीचा पहिला मसुदा ‘माझ्या हस्तक्षेपामुळे हिमोग्लोबिन वाढले’ असा आला, आणि येथे शिक्षकाला पुन्हा थांबवावे लागले. पहिली तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत शिरेतील रक्तावर झाली होती आणि दुसरी अंगणवाडीत बोटाच्या रक्तावर, डिजिटल यंत्राने. अर्ध्या ग्रॅमचा फरक अशा दोन पद्धतींमध्ये एरवीही दिसू शकतो. शिवाय एव्हाना महिना उलटून गेला होता, आणि महिनाभरात एका ग्रॅमपेक्षा कमी वाढ झाल्यास कार्यक्रमाच्या सूचनेनुसार गरोदर महिलेला पुढे पाठवायचे असते. गरोदरपण पुढे सरकत असताना आणि गोळ्यांचा भरवसा नसताना शिरेतून लोह द्यायचे का, हा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांचा. महिलेला तिकडे पाठवण्यात आले.

सुधारलेल्या नोंदीत विद्यार्थिनीने गोळ्यांची संख्या वाढली एवढेच आपल्या बदलाशी जोडले, आणि तेही ‘बहुधा’ म्हणून, कारण त्या दोन आठवड्यांत पाऊस जास्त होऊन खाडेही जास्त पडले होते. यश नोंदवताना अपयशाइतकीच चिकित्सा करणे विद्यार्थ्यांना अवघड जाते, असे मला वाटते. फसलेल्या भेटीची कारणे ते शोधतात. साधलेल्या भेटीची शोधत नाहीत.

या पद्धतीच्या मर्यादा

प्रत्येक भेटीची नोंद अशी लिहिता येत नाही आणि तशी मागूही नये. सर्वेक्षणाच्या, वजन-उंची मोजण्याच्या दिवसाची नोंद वर्णनात्मक राहिली तर बिघडत नाही. तिथे जबरदस्ती केली की विद्यार्थी अनपेक्षित प्रसंग रचू लागतात. पूर्ण पोस्टिंगमध्ये दोन-तीन प्रसंग या खोलीने लिहिले तरी पुरे. तसेच, आपले गृहीत चुकले हे विद्यार्थ्याने लिहिल्यावर त्याच पानावर गुण कापले गेले, तर पुढच्या वेळी तो चुकलेले गृहीत लिहिणार नाही. या गटात म्हणून गुण गृहीत बरोबर होते का यावर दिले गेले नाहीत. डावीकडचा पुरावा उजवीकडच्या विधानाला पोहोचतो का, यावर दिले गेले.

दुसरी मर्यादा कुटुंबाच्या बाजूची आहे. विश्लेषण खोल होऊ लागले की घरातील खासगी गोष्टी नोंदीत येऊ लागतात: कोण शेवटी जेवते, कोणाचे कोणाशी पटत नाही. लॉगबुक अनेकांच्या हातून जाते. नाव, घर क्रमांक, गल्ली हे काहीही त्यात असू नये, आणि गोळीच्या प्रश्नाशी ज्याचा संबंध दाखवता येत नाही असा खासगी तपशील कितीही बोलका असला तरी गाळावा.

या प्रकरणात एक जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. तीनही भेटींत सासू दारात बसलेली होती. डाव्या रकान्यात तिचा उल्लेख दोनदा आहे, उजवीकडे एकदाही नाही. गरोदरपणी या गोळ्यांनी बाळ मोठे होऊन बाळंतपण जड जाते, अशी समजूत अनेक गावांत ऐकायला मिळते. या घरात ती होती की नाही हे कोणालाही सांगता येणार नाही, कारण तिला कोणी विचारले नाही. विद्यार्थिनीने चौथ्या भेटीसाठी जो प्रश्न लिहून ठेवला तो असा होता: ‘मावशी, तुमच्या वेळी पोटुशीपणात काय काय घ्यायचे, काय टाळायचे?’